24 तासांत खत? आधी थोडे पाणी घालून पाहा



सोसायटीत ओल्या कचऱ्याचे विजेवर चालणारे खत-मशीन घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, अशी विचारणा या सदराकडे अलीकडे वरचेवर होते. नांदेडला देगलूर नाका भागात आमच्या सोसायटीने असे मशीन बसवून आता दीड वर्ष होत आले. माझी मोठी बहीण, आपा, लातूरला औसा रोडला राहते. तिच्या सोसायटीने वेगळ्याच पद्धतीचे मशीन घेतले. कमिटीत असल्यामुळे आमचा हिशेब माझ्या वहीत आहे आणि तिचा मी फोनवर विचारून घेतला आहे. त्याच्या आधारे लिहिते.

सुरुवात आमच्या चुकीपासून करते. मशीन विकायला आलेल्या माणसाने सांगितले होते, "आज सकाळी भाजीची देठे टाका, उद्या सकाळी खत काढा." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ड्रममधून कॉफीच्या रंगाची कोरडी, भाजल्यासारख्या वासाची भुकटी निघाली. सगळे खूश. आम्ही ती मोगऱ्याच्या आणि जास्वंदाच्या आळ्यांत दोन-दोन ओंजळी घातली आणि वर पाणी दिले. तिसऱ्या दिवशी आळ्यांत पांढरी बुरशी दिसली. पाचव्या दिवशी तळमजल्यावरच्या खाला तक्रार घेऊन आल्या की खिडकी उघडता येत नाही. आठवड्याभरात माशा झाल्या, मोगऱ्याची पाने पिवळी पडली, आणि आम्ही बिचाऱ्या माळ्याला बोल लावला.

आमच्याच इमारतीत कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक चाचा राहतात. त्यांनी मूठभर भुकटी स्टीलच्या डब्यात घेतली, पाणी शिंपडून ओलसर केली, झाकण लावले आणि म्हणाले, "तीन दिवसांनी उघडा." तीन दिवसांनी झाकण काढले तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. चाचा म्हणाले, "हे खत नाही. हा वाळवलेला कचरा आहे. पाणी मिळाले की तो जिथे थांबला होता तिथून पुन्हा सडायला लागतो."

या विषयातली सगळी मेख याच वाक्यात आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात वजनाने साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते. मशीन ड्रम तापवते, आतली पाती कचरा ढवळतात व तोडतात, आणि पंखा वाफ बाहेर काढतो. 40 किलो टाकले की 11-12 किलो भुकटी उरते, आणि कमी झालेल्या 28 किलोंचे बहुतेक पाणीच असते. खत होणे म्हणजे सूक्ष्म जीवाणूंनी भात, साली, डाळ खाऊन त्यांचे मातीसारखे स्थिर द्रव्य करणे. त्यांना त्यासाठी ओलावा, हवा आणि काही आठवडे लागतात. मशीनबरोबर जीवाणूंच्या पावडरीची पिशवी मिळते हे खरे, पण ड्रमचे तापमान दिवसभर 70 अंशांच्या वर राहिले तर बहुतेक जीवाणू कामच करू शकत नाहीत, आणि कोरड्या भुकटीत तर नाहीच नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा: ड्रम किती अंशांवर चालतो, आणि बाहेर येणाऱ्या मालात ओलावा किती असतो? उत्तर "70-80 अंश, माल कोरडा" असे आले, तर समोर आहे ते वाळवणी यंत्र आहे असे समजावे. वाळवणी यंत्र वाईट नसते. चौथा हिस्सा वजन, वास नाही, माशा नाहीत, कुत्री पिशव्या फाडत नाहीत, आणि महापालिकेची गाडी एक दिवस आली नाही तरी जिन्यात घाण साचत नाही. फक्त त्याला खत-मशीन म्हणून पैसे मोजू नयेत.

काही मशीन्स कमी उष्णतेवर चालतात आणि जुना माल थोडा ड्रममध्येच ठेवून रोज त्यात नवा कचरा घालायचा असतो, म्हणजे जीवाणूंची वस्ती टिकते. त्यात काम थोडे पुढे जाते, तरी मुरवणे त्यालाही चुकत नाही.

आता विजेचे. यावर विक्रेता सर्वांत कमी बोलतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. एक लिटर पाणी खोलीतल्या तापमानापासून वाफ होईपर्यंत तापवायला सुमारे 0.7 युनिट लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, कोणत्याही कंपनीला त्यात सूट नाही. त्यात ड्रममधून वाया जाणारी उष्णता धरा, म्हणजे "एक लिटर पाण्याला एक युनिट" हा अंदाज व्यवहारात ठीक बसतो. आमच्या 40 किलो कचऱ्यातले 28 लिटर पाणी म्हणजे 28 युनिट. मोटार आणि पंखा यांचे पाच-सहा धरा. आम्ही मशीनला वेगळे मीटर लावले तेव्हा रोजचा आकडा 33 ते 36 युनिटच्या दरम्यान आला. महिन्याला हजार युनिटच्या आसपास. सोसायटीच्या सामायिक मीटरवर युनिटला 10 रुपये पडतात असे धरले, तर 10,000 रुपये. आमच्याकडे 54 फ्लॅट आहेत, म्हणजे घरटी 185 रुपये. माहितीपत्रकात मात्र "दिवसाला फक्त 10 युनिट" असे छापलेले होते. ते बहुधा कोबी-मेथीच्या थोड्या देठांवर मोजलेले असावेत. कोणी 40 किलो ओला कचरा 10 युनिटमध्ये पूर्ण कोरडा करतो म्हणाला, तर हसून चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

याच हिशेबातून बचतीचा मार्गही सापडतो. जे पाणी गाळून काढता येते ते जाळून कशाला काढायचे? आम्ही मशीनशेजारी तळाला जाळी असलेला एक मोठा पिंप ठेवला. सकाळी मावशी घरोघरचा ओला कचरा त्यात ओततात आणि दुपारनंतर तो मशीनमध्ये जातो. तेवढ्या वेळात आमटी-रस्सा, चहाच्या चोथ्याचे पाणी, फळांचा रस खाली निथळतो. साध्या दिवशी पाच-सहा लिटर सुटतात, म्हणजे पाच-सहा युनिट वाचतात. खालचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जाईल अशी नळी मात्र आधीच जोडून घ्यावी. बादलीत साठवले तर उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी त्याचा असह्य वास येतो.

मशीन किती मोठे घ्यावे, हा यापुढचा प्रश्न. आमच्याकडे विक्रेत्याने फ्लॅट मोजले, घरटी दोन किलो धरले आणि 100 किलोचे मशीन सुचवले. चाचांनी तिथेही हट्ट धरला की आधी तोला. मावशींना घेऊन आम्ही आठ दिवस वजनकाटा घेऊन बसलो. सोमवार ते गुरुवार 34 ते 38 किलो, शुक्रवारी 44, रविवारी 51. सरासरी 40 च्या आत. घरटी दोन किलो कुठेच नव्हते, पाऊण किलोही नव्हते. आणखी एक कारण आहे. आपल्या घरांत भाकरी-पोळीचे तुकडे कोणी कचऱ्यात टाकत नाही. रिज्क आहे म्हणून ते वेगळे वाळवून शेळीवाल्याला जातात. मशीनचा तेवढा भार तसाच कमी होतो, आणि ही चाल मशीन आल्यावर मोडू नये. आम्ही 50 किलोचे घेतले. मोठे मशीन अर्धे रिकामे चालवले तरी ड्रम तेवढाच तापवावा लागतो, हे लक्षात घ्यावे. क्षमता विचारताना "दिवसाला 50 किलो" की "एका वेळी ड्रममध्ये 50 किलो" हेही लिहून घ्यावे, कारण ओला माल ड्रमच्या दोन-तृतीयांशाच्या वर भरला तर पाती अडकतात.

ही क्षमता रमजानला पुरत नाही. पहिल्या वर्षी आम्ही घाबरलो. इफ्तारची टरबूज-खरबुजाची साल, केळी, संत्री, मोसंबी, आणि वरून शिल्लक भजी-हलीम. पहिल्याच आठवड्यात काटा 66 किलोवर गेला. शिवाय वेळ बदलते. एरवी कचरा सकाळी येतो, रमजानमध्ये तो मगरिबनंतर आणि सहेरीनंतर असा दोनदा येतो. मोठे मशीन घ्यायला हवे होते, असे काही जण म्हणाले. मला ते पटले नाही. एका महिन्याच्या गर्दीसाठी अकरा महिने मोठा ड्रम तापवण्यात अर्थ नाही. टरबुजाच्या सालीत दहापैकी नऊ भाग पाणीच असते. 20 किलो साल मशीनमध्ये घातली तर 17-18 युनिट जाळून हातात दोन-अडीच किलो येते. आता रमजानमध्ये फळांच्या साली मशीनमध्ये जातच नाहीत. त्या बारीक चिरून थेट मागच्या हौदात, कोरड्या पानांच्या थरांमध्ये जातात. मशीनमध्ये फक्त शिजवलेले अन्न आणि भाजी. त्यामुळे पहिल्या वर्षी रोज होणारी भांडणे दुसऱ्या रमजानला झाली नाहीत.

हौद म्हणजे मुरवण्याचे हौद. विकणाऱ्याने यांचा उल्लेखही केला नव्हता, आणि खत खरे तिथे होते. आमच्याकडे विटांचे तीन हौद आहेत, साडेतीन फूट लांब, तेवढेच रुंद आणि उंच. विटांमध्ये हवेसाठी भोके सोडली आहेत आणि वर पत्रा आहे. रोजची भुकटी आणि तेवढ्याच मापाची सुकी पाने किंवा जुने खत एकत्र करून ते ओलसर करायचे. किती ओलसर, तर मूठ घट्ट आवळल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून एखादाच थेंब यावा. धार लागली तर जास्त झाले, गोळा फुटला तर कमी. दोन-तीन दिवसांत हौद आतून तापतो, इतका की कोपरापर्यंत हात घातला तर ठेवता येत नाही. ज्यांना अजून वाटते की मशीनमधून खतच निघते, त्यांना मी या हौदापाशी नेते. माल तयार असेल तर तो पुन्हा तापेल कशाला? जीवाणूंनी खाणे आत्ता सुरू केले म्हणून तो तापतो. दर पाच दिवसांनी फावड्याने वर-खाली करायचे, ओलावा पाहायचा. हलवूनही तापणे बंद झाले, ढीग खाली बसला आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की काम होत आले. आम्हाला पाच ते सहा आठवडे लागतात. तीन हौद यासाठी की एक भरत असतो, एक मुरत असतो, एक रिकामा होत असतो. मशीनच्या जागेबरोबर एवढी जागा सोसायटीत नसेल तर भुकटीचे पुढे काय करायचे हे आधी ठरवा, नाहीतर पोती पार्किंगमध्ये साचतात आणि पहिल्याच पावसात ओल धरून जिवंत होतात.

खत तयार झाले का, हे घरच्या घरी तपासता येते. खताच्या प्रयोगशाळांत ज्या बियांवर ही चाचणी घेतात त्यांत अळीव पुढे असते, आणि ते आपल्या प्रत्येक घरात बाळंतिणीसाठी असतेच. एक वाटी खत पाच वाट्या पाण्यात तासभर भिजवा आणि फडक्याने गाळा. एका बशीत टिपकागदावर ते पाणी, दुसऱ्या बशीत साधे पाणी, दोन्हींत 20-20 अळीव. झाकून ठेवा. तिसऱ्या दिवशी मोजा. साध्या पाण्यात 19 रुजले आणि खताच्या पाण्यात 16-17, मुळेही बरोबरीची, तर खत झाडाला द्यायला हरकत नाही. दहाच रुजले, मुळे तोकडी व तपकिरी, तर अजून मुरू द्या. मशीनमधून निघालेल्या ताज्या भुकटीवर आम्ही ही चाचणी केली तेव्हा 20 पैकी 3 रुजले. मोगरा का पिवळा पडला ते कळले.

एक मर्यादा मात्र मुरवूनही जात नाही. ती मिठाची. मशीन पाणी उडवते, मीठ जागच्या जागी राहते. 40 किलोंतले मीठ 11 किलोंत येते, म्हणजे जवळजवळ चौपट तीव्र. आपल्या घरचा शिल्लक भात बिर्याणीचा, त्यात लोणचे, पापड, रस्सा. शहरी कंपोस्टसाठी सरकारच्या खत नियंत्रण आदेशात क्षारतेची मर्यादा ठरवलेली आहे, विद्युतवाहकता 4 च्या आत. माती तपासणी केंद्रात हे मोजून मिळते, वर्षातून एकदा नमुना द्यावा. मराठवाड्यात बोअरचे पाणीही अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते, काळी माती पाणी लवकर सोडत नाही, त्यामुळे क्षार कुंडीत साचत जातात. आम्ही एक भाग खत आणि चार भाग माती असे वापरतो, रोपे उगवण्याच्या ट्रेमध्ये अजिबात नाही. मुरवताना आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारे पाणी घालू नये, त्यात क्षार आधीच जास्त असतात. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चांगले. शेजारच्या मशिदीत वुजूचे पाणी वेगळे साठवत असतील तर तेही चालते, त्यात साबण नसतो.

आता आपाच्या लातूरकडे वळू. तिथे 30 फ्लॅट आहेत आणि तोलल्यावर रोजचा ओला कचरा 20-22 किलो निघाला. त्यांनी तापवणारे मशीन घेतलेच नाही. त्यांचे मशीन फक्त तोडते आणि मिसळते. कचरा, लाकडाचा भुसा आणि जीवाणूंची पावडर घालून पंधरा मिनिटे फिरवायचे, मग माल भोकांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरून मांडणीवर ठेवायचा. वीज दिवसाला एक-दोन युनिट. कंपनी म्हणते 10-15 दिवसांत खत, आपा म्हणते, "महिना धर, आणि मनाला समाधान." म्हणजे यातही मशीन खत करत नाही, क्रेटमध्ये ते होते. फरक असा की इथे पाणी जाळण्याऐवजी भुशात शोषून घेतले जाते.

म्हणून तिथला खर्च विजेचा नाही, भुशाचा आणि हातांचा. 20 किलो कचऱ्याला चार-पाच किलो कोरडा भुसा लागतो. कमी घातला की क्रेटमधून काळे पाणी गळते आणि अळ्या होतात. सुरुवातीला त्यांनी फर्निचरच्या दुकानातून भुसा फुकट आणला. तो प्लायवुडचा होता, गोंद आणि रसायने असलेला, आणि क्रेट महिनाभर जसेच्या तसे राहिले. मग आपाच्या मिस्टरांनी डोके चालवले. लातूर म्हणजे सोयाबीनचा मुलूख. मळणीनंतर भुसकटाचे ढीग पडलेले असतात. हंगामात एक ट्रॅक्टर भुसकट आणून कोरड्या खोलीत भरून ठेवले की वर्षाची सोय होते. तुरीचे भुसकटही चालते, फक्त काड्या लांब असतील तर त्या पात्यांना गुंडाळतात, म्हणून बोटभर तुकडे करून घ्यावेत.

लातूरची दुसरी अडचण पाण्याची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हे शहर. अशा ठिकाणी "क्रेटवर रोज पाणी शिंपडा" हे मे महिन्यात कोण करणार? उन्हाळ्यात त्यांचे क्रेट दोन दिवसांत वाळत, जीवाणू झोपी जात आणि जूनच्या पहिल्या पावसात सगळे एकदम जागे होत. त्यावर उपाय साधा निघाला. क्रेट उन्हाच्या बाजूने जिन्याखाली हलवले आणि वर ओले गोणपाट टाकले. आता आठवड्यातून दोनदा शिंपडले तरी भागते.

माणसाचा प्रश्न मात्र आहे. क्रेट उचलणे, पालटणे, भुसा मोजणे याला रोज दीड तास जातो, आणि ती मावशी सुट्टीवर गेली की दोन दिवसांत कळते. आमच्या मशीनला रोज पाऊण तास पुरतो. ज्यांच्याकडे नीट काम करणारा माणूस आणि जागा आहे त्यांनी मिसळणारे घ्यावे, ज्यांना विजेचे बिल परवडते आणि माणूस मिळत नाही त्यांनी तापवणारे, असे माझे मत झाले आहे. आमची निवड पुन्हा करायची असती तर मी आपाच्या बाजूने मत दिले असते.

कोणतेही घ्या, पैसे देण्याआधी तीन दिवस आपल्याच सोसायटीचा कचरा घालून चालवून दाखवायला सांगा. त्यात मुद्दाम शिळा भात पाच किलो असू द्या. भात हा या मशीनचा खरा शत्रू आहे. तो पात्यांवर लापशीसारखा बसतो, गोळे होतात, गोळ्याच्या बाहेरचे कोरडे आणि आतले आंबट राहते. गोळा फोडून वास घ्या. तीन फेजची जोडणी, अर्थिंग आणि मंजूर भार पुरेसा आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्या. दुरुस्तीचा माणूस कुठून येणार हेही विचारा. आमचा हीटर जळाला तेव्हा तंत्रज्ञ पुण्याहून यायला नऊ दिवस लागले, आणि तेवढे दिवस कचरा पुन्हा गाडीने तुप्प्याच्या डेपोला गेला. वीज गेली तर अर्धवट शिजलेला माल ड्रममध्ये बंद राहतो. दोन-तीन तास चालतात, त्याहून जास्त वेळ गेला तर झाकण उघडून त्यात कोरडी पाने किंवा जुनी भुकटी टाकावी. वाफेचा पाइप कोणाच्या खिडकीखाली सोडू नये, ही गोष्ट सांगायची गरज नाही असे मला वाटत होते.

रोज चालवताना कान आणि नाक पुरतात. आंबट वास आला तर ओलावा किंवा भात जास्त आहे, भुकटी आणि पाने घाला. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर मांस-डाळ जास्त झाली. जळका वास म्हणजे तेल किंवा प्लॅस्टिक. आणि कट्‌-कट्‌ आवाज आला की ताबडतोब बंद करा. दीड वर्षात आमच्या ड्रममधून सतरा चमचे, एक सुरी आणि लहान मुलाचा एक पैंजण निघाला. चमचे कोणाचे ते अजून कोणी सांगत नाही.

हाडांबद्दल घरोघर गैरसमज आहे. कोंबडीची बारीक हाडे बहुतेक मशीन्स सहन करतात. मटणाची नळी, खजुराच्या मूठभर बिया, आंब्याच्या कोयी, नारळाची करवंटी, मक्याची कणसे चालत नाहीत. पाते वाकले की वॉरंटीत ते बसत नाही, कागदावर बारीक अक्षरात तसे लिहिलेले असते. बकरी ईदचे तीन दिवस आम्ही मशीनच्या खोलीला कुलूपच लावतो. कातडी, आतडी, कोठा, रक्त यांतले काहीही त्यात जाता कामा नये. ते महापालिकेने त्या दिवसांसाठी ठरवून दिलेल्या गाडीत किंवा ठिकाणीच द्यावे. पहिल्या ईदला कोणीतरी "जैविकच तर आहे" म्हणून एक पिशवी आत सारली. ड्रम तीनदा धुतला तरी वास पंधरा दिवस राहिला.

लहान सोसायट्यांकडून विचारले जाते की कायद्याने हे मशीन घ्यावेच लागते का. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांवर टाकली, आणि तिथेही मशीनच हवे असे म्हटलेले नव्हते. कचरा वेगळा करून देणे मात्र प्रत्येक घराला लागू आहे. रोजचा ओला कचरा 15-20 किलोंच्या आत असेल, म्हणजे वीस-पंचवीस फ्लॅट असतील, तर माझा सल्ला मशीन न घेण्याचा आहे. वर सांगितले तसे तीन हौद बांधा, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक बादलीवर दीड बादली कोरडी पाने किंवा भुसकट टाका, शिजवलेले अन्न मध्यभागी पुरून वर कोरड्याने झाका. दोन-अडीच महिने लागतात. उंदीर येऊ नयेत म्हणून तळाला आणि तोंडाला बारीक तारेची जाळी लावा. नांदेडला पाने जमवायचा काळ फेब्रुवारी-मार्चचा. पिंपळ, कडुनिंब, बदाम यांची झड तेव्हा असते. तीस पोती भरून कोरड्यात ठेवली की आमच्या वीस फ्लॅटच्या शेजाऱ्यांना पावसाळा संपेपर्यंत पुरतात. पावसाळ्यात कोरडे काही मिळत नाही आणि तेव्हाच ते सर्वांत जास्त लागते.